संवादकविता : दोन आवाज आणि वक्त्याची ओळख

दोन व्यक्ती आळीपाळीने बोलतात आणि निवेदक मध्ये येत नाही, किंवा अगदी कडेला उभा राहतो, अशा कवितेला संवादकविता म्हणतात. आई आणि मूल, बाप आणि लेक, प्रियकर आणि प्रेयसी, जाणारा आणि अडवणारा या तिच्या नेहमीच्या जोड्या. नाटकात प्रत्येक वाक्याआधी पात्राचे नाव छापलेले असते. कवितेत ते सहसा नसते, त्यामुळे आत्ता कोण बोलते आहे हे वाचकाला ओळींमधूनच ओळखावे लागते. ही ओळख कशावर टिकते आणि कुठे निसटते, हे एका छोट्या नमुन्यावरून चांगले कळते. पुढील आठ ओळी या नोंदीसाठीच रचल्या आहेत. एक आवाज आईचा, दुसरा तिच्या लहान मुलग्याचा.

मालवू का दिवा आता?
थोडा वेळ राहू दे ना.
भीती वाटते का तुला?
मला नाही, सावलीला.
सावली तर झोपली.
मग ती का हलते गं?
मीही आता झोपणार.
हात तेवढा धरून.

पहिल्या पाच ओळींत वक्ता ठरवणारी एकही व्याकरणिक खूण नाही. ‘मालवू का’ हे आई म्हणेल तसे धीट मूलही म्हणेल. वाचक अंदाजाने पुढे जातो आणि सहाव्या ओळीतल्या ‘गं’पाशी त्याला पहिला पक्का पुरावा मिळतो. ऐकणारी व्यक्ती बाई आहे, म्हणून ही ओळ मुलाची. तिथून एकाआड एक मागे मोजत गेले की पाचवी, तिसरी आणि पहिली ओळ आईच्या वाट्याला येते. बहुतेक वाचक ही उलटी मोजणी नकळत करतात. मात्र ती एका गृहीतावर उभी असते : प्रत्येक ओळीला वक्ता बदलतो. कवीने कुठे एकाच व्यक्तीला सलग दोन ओळी दिल्या असतील, तर तिथून मागची सगळी वाटणी उलटते.

सातवी ओळ मुद्दाम मोकळी ठेवली आहे. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण क्रियापदाला पुष्कळदा असते. ‘मी पण आता झोपते’ असे लिहिले असते तर ओळ आईची झाली असती. ‘झोपतो’ लिहिले असते तर मुलाची. मात्रा बदलली की वक्ता बदलतो. ‘झोपणार’ या रूपात ही खूण पुसली जाते. ‘झोपेन’मध्येही ती नसते. ‘मी दिवा पाहिला’ यातले ‘पाहिला’ दिव्याच्या लिंगाप्रमाणे चालते, म्हणून तिथेही बोलणारा कळत नाही. म्हणजे मराठी कवीच्या हाती वक्ता उघड करणारी आणि झाकणारी अशी दोन्ही प्रकारची रूपे आहेत. अर्थात बाप-मुलगा किंवा आई-लेक अशी जोडी असेल तर लिंगाचा काहीच उपयोग होत नाही; तिथे भिस्त संबोधनावर आणि बोलण्याच्या ढंगावर ठेवावी लागते.

वाटणी बदलली की अर्थ कसा हलतो, तेही याच ओळीत दिसते. एकाआड एक हा क्रम धरला तर सातवी ओळ आईची : ती प्रश्न टाळते, आपणही झोपणार असल्याचे सांगते आणि मूल हात धरण्याची अट घालते. ‘झोपतो’ असा पाठ घेतला तर शेवटच्या तिन्ही ओळी मुलाच्या होतात. सावली का हलते याचे उत्तर आलेच नाही, आई बहुधा झोपली, आणि मूल एकटेच स्वतःची समजूत घालते आहे. इथे क्रम मोडणे हीच घटना ठरते, म्हणून चांगल्या संवादकवितेत असा मोड सहज येत नाही.

संबोधन ही फार जुनी खूण आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 108 वे सूक्त म्हणजे इंद्राची दूती सरमा आणि गाई दडवून बसलेले पणी यांचा अकरा ऋचांचा संवाद. पहिल्या ऋचेच्या सुरुवातीला पणी सरमेविषयी तृतीयपुरुषी बोलतात. त्यानंतर विषम ऋचांत ‘सरमे’ आणि सम ऋचांत ‘पणयः’ ही हाक येत राहते, त्यामुळे वेगळी नावे न लिहिता वाटणी स्पष्ट राहते. दहावी ऋचा सरमेची आहे. क्रमाने अकरावी पणींची यायला हवी, पण तिच्यातही ‘पणयः’ हीच हाक आहे. म्हणजे ती सरमेचीच. पणींना उत्तर देण्याची संधी न देता सूक्त संपते. नुसती मोजणी करणारा वाचक इथे फसतो, हाक ऐकणारा फसत नाही.

मराठीत मात्र हाकेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘नको रे बाबा’ म्हणणारा वडिलांशी बोलत असेलच असे नाही, आणि ‘आई गं’ हा बहुतेक वेळा उद्गार असतो. वडीलधारी माणसे लहानग्यालाही ‘अरे बाबा’ म्हणतात. ‘बाबा’ ही हाक खरोखर वडिलांसाठी असेल तर ती पहिल्या एक-दोन कडव्यांतच निःसंदिग्ध करून घेणे बरे.

अवतरणचिन्हे, ओळीआधीची आडवी रेघ किंवा एका आवाजाच्या ओळी थोड्या आत सरकवणे हे छपाईचे उपाय डोळ्यांपुरते असतात. मोठ्याने वाचताना ते ऐकू येत नाहीत. पानाची रुंदी बदलली की आत सरकवलेली ओळ आणि नुसती मोडून खाली आलेली ओळ यांतला फरकही दिसेनासा होतो. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ पेरणे सुरक्षित खरे, पण दर दोन ओळींनी आले तर तिसरा माणूस खोलीत उभा असल्यासारखे वाटते.

बाप-मुलाच्या संवादाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गटेची 1782 मधली ‘एर्लकोनिग’ ही जर्मन कविता. रात्री वडील मुलाला घोड्यावरून नेत आहेत. आठ कडव्यांपैकी पहिले आणि शेवटचे निवेदकाचे. मधल्या सहांत ‘म्हणाला’ एकदाही येत नाही. मुलगा ‘माझ्या बाबा’ म्हणतो, बाप ‘माझ्या मुला’ म्हणतो, आणि तिसरा आवाज, भुतांच्या राजाचा, मुलाला भुलवत असतो. तो मुलाला ऐकू येतो, बापाला नाही, त्यामुळे बापाची उत्तरे फक्त मुलाला असतात : ते धुके आहे, ती वाळलेली पाने आहेत, ती जुनी झाडे आहेत. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या कडव्यात मुलाला लगेच असा दिलासा मिळतो. सातव्यात राजा दोन ओळी बोलतो, मुलगा दोन ओळींत ओरडतो, आणि कडवे संपते. बापाच्या उत्तराला जागाच उरत नाही. पुढच्या कडव्यात तो बोलत नाही. त्याची भीती निवेदक सांगतो.

शूबर्टने 1815 मध्ये ही कविता एकाच गायकासाठी स्वरबद्ध केली तेव्हा छपाईच्या सगळ्या खुणा निरुपयोगी ठरल्या. त्याने बापाला खालचे सूर दिले, मुलाला वरचे, आणि राजाला गोड, हळुवार चाल. मुलाची ‘माझ्या बाबा’ ही हाक नंतर आणखी वरच्या सुरात चढत जाते, त्यामुळे कोण बोलतो आहे याबरोबरच त्याची भीती किती वाढली हेही ऐकणाऱ्याला कळते.