कार्नोची मर्यादा : चुकीच्या गृहीतकातून निघालेले बरोबर उत्तर

वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता वाढवत नेली तर ती कुठे तरी थांबते का, हा प्रश्न सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये एका छोट्या पुस्तकात हाताळला. उष्णता म्हणजे 'कॅलरिक' नावाचा कधीही न घटणारा द्रव, असे तेव्हा मानले जाई. पाणी उंचावरून पडताना चक्की फिरवते, तशीच उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे 'पडताना' काम करते, असे कार्नोनेही धरले होते.

त्याची युक्ती रिव्हर्सिबल इंजिनात आहे. हे इंजिन उलटे चालवले, तर जेवढे काम त्यातून मिळाले असते तेवढेच देऊन तेवढीच उष्णता परत गरम बाजूला चढवता येते. समजा, असे इंजिन १००० ज्यूल उष्णतेतून ४०० ज्यूल काम देते आणि कुणी ५०० ज्यूल देणारे दुसरे इंजिन आणले. दुसऱ्याच्या कामावर पहिले उलटे चालवा. उष्णता होती तिथे परत जाते आणि १०० ज्यूल काम फुकट उरते. हे अशक्य, म्हणून दुसरे इंजिनही अशक्य.

पण १८४० च्या दशकात जेम्स ज्यूलच्या प्रयोगांनी कॅलरिकचा पायाच उखडला. काम होते तेव्हा तेवढी उष्णता खर्च होते, म्हणजे १००० ज्यूल घेऊन ४०० ज्यूल काम केले तर थंड बाजूला ६००च पोहोचतात. मग कार्नोचा निष्कर्षही गेला का? विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, या पेचात काही काळ अडकले होते. १८५० मध्ये रुडॉल्फ क्लाउझियसने मार्ग काढला.

तोच हिशेब नव्याने करू. नवे इंजिन १००० ज्यूल घेऊन ५०० ज्यूल काम करते आणि ५०० थंड बाजूला सोडते. ते सगळे काम उलट्या इंजिनाला दिले, तर ४० टक्क्यांच्या हिशेबाने ते गरम बाजूला १२५० ज्यूल पोहोचवते आणि थंड बाजूकडून ७५० उचलते. ऊर्जेचा ताळेबंद चोख जुळतो, फुकट काम कुठेच नाही! तरीही बाहेरून काहीही न देता २५० ज्यूल थंडाकडून गरमाकडे गेले. क्लाउझियसने नेमके हेच निषिद्ध ठरवले आणि तोच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम झाला. ऊर्जा नष्ट होत नाही की नव्याने निर्माण होत नाही, या पहिल्या नियमाने ही पळवाट बंद होत नाही, हे पुष्कळदा नजरेतून सुटते.

४० टक्के ही मर्यादा फक्त तापमानांवरून ठरते. केल्व्हिनमध्ये ५०० आणि ३०० घेतले, तर १ − ३००/५०० = ०.४०. आत वाफ आहे की हवा, याने फरक पडत नाही.

प्रत्यक्ष इंजिन याच्याही खाली राहते. घर्षण तर असतेच, पण उष्णता झपाट्याने आत यायची तर इंजिनातला वायू भट्टीपेक्षा थोडा थंड असावा लागतो. समजा तो ५०० ऐवजी ४८० वर उष्णता घेतो आणि ३०० ऐवजी ३२० वर सोडतो. बाकी सारे आदर्श धरले तरी कार्यक्षमता ३३ टक्क्यांवर येते. ही तफावत कमी करत नेली की आकडा ४० कडे सरकतो, पण उष्णतेचा प्रवाह मंदावतो आणि इंजिनाची शक्ती शून्याकडे जाते.