प्रकट वाचनातून सूट किती आणि कधीपर्यंत?

तीव्र सामाजिक चिंता असलेल्या मुलासाठी बालमनोविकारतज्ज्ञ शाळेला पत्र लिहितात, तेव्हा पालकांची बहुधा एकच मागणी असते: ‘याला वर्गात उभे करू नका, असे लिहून द्या.’ तसे सरसकट लिहून देणे सोपे असले, तरी त्यामुळे आजाराला खतपाणी मिळते. वाचनाची पाळी जवळ येते तशी छातीत धडधडते, घशाला कोरड पडते. पाळी टळली की लगेच हायसे वाटते, आणि त्या सुटकेतून मेंदू एवढेच शिकतो की टाळले म्हणून निभावले. प्रत्यक्ष वाचले असते तर काय झाले असते, हे कळण्याची संधीच न मिळाल्याने पुढच्या वेळी टाळावेसे अधिकच वाटते.

उदाहरणादाखल आठवीतली एक मुलगी घेऊ. मराठीच्या तासाला प्रकट वाचन असेल त्या सकाळी तिच्या पोटात दुखते, मळमळते, आणि हजेरीपटावर नेमक्या त्याच वारांना तिची गैरहजेरी दिसते. तिच्यासाठी पत्रात असे लिहिता येईल: ‘पहिले दोन आठवडे बाईंनी मधल्या सुट्टीत तिच्याकडून एकटीकडून एक परिच्छेद वाचून घ्यावा, पुढचे दोन आठवडे एका मैत्रिणीसमोर, त्यानंतर वर्गात, बसल्या जागी, आदल्या दिवशी ठरवून दिलेली दोन वाक्ये, आणि शेवटी उभे राहून.’ प्रत्येक वेळी तिने भीतीला ० ते १० पैकी आकडा द्यावा. मात्र आकडा शून्यावर येण्याची वाट पाहू नये. भीती वाटत असूनही वाचन पूर्ण होऊ लागले की पुढे सरकावे.

फारच घाबरल्यास वर्गाबाहेर जाण्यासाठी तिला एक कार्ड द्यावे, पण दहा मिनिटांनी त्याच तासाला परतण्याच्या अटीवर. घरी फोन करून तिला नेण्यास सांगू नये. कार्ड वाचनाच्याच तासाला वारंवार निघू लागले, तर पायरी फार उंच ठरली असे समजून तिचे दोन भाग करावेत. पूर्ण सूट देऊन मोकळे होण्याचा मोह शिक्षकांना याच टप्प्यावर होतो, आणि भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना तो व्हावा हे समजण्यासारखे आहे.

पत्रात घरातले वाद किंवा औषधांची नावे घालण्याचे कारण नसते. शिक्षकांना वर्गात काय करायचे तेवढेच कळावे, आणि तेही पालकांच्या संमतीने, मुलीने मजकूर वाचल्यावर. सहा ते आठ आठवड्यांनंतरची फेरतपासणीची तारीख मात्र हवीच, नाहीतर तात्पुरती सवलत दहावीपर्यंत चालू राहते.

हे सारे लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: वर्गात तिला कोणी चिडवते का, आणि तिला मुळात वाचनाचीच अडचण आहे का. चिडवणे चालू असताना तिला पायरीपायरीने वर्गासमोर आणणे घातक ठरते; तेथे आधी चिडवणाऱ्यांचा बंदोबस्त करावा लागतो. वाचन-अक्षमता असेल, तर पत्राचा मसुदाच वेगळा होतो.