बालकांसाठी प्रकटवाचन

मोठ्या माणसाने लहान मुलाला जवळ घेऊन पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणे आणि वाचता वाचता त्याच्याशी बोलणे, याला प्रकटवाचन म्हणतात. शाळेत मूल उभे राहून धडा वाचते त्यालाही हाच शब्द वापरतात, पण या नोंदीत ते अभिप्रेत नाही. येथे वाचणारा मोठा आहे, ऐकणारे मूल तान्हेपणापासून साधारण आठ वर्षांपर्यंतचे आहे आणि दोघांसमोर एकच पुस्तक आहे.

पुस्तक निवडताना मागच्या पानावर छापलेल्या वयोगटाचा आधार घेतला जातो, पण तो ढोबळच असतो. मूल त्या पानाचे काय करते, हे पाहणे अधिक खात्रीचे. ते चित्र पकडू पाहते का, चित्राकडे बोट दाखवते का, गोष्टीतले अर्धे सोडलेले वाक्य पुरे करते का, की अक्षरांवर बोट फिरवू लागले आहे? या गोष्टी सर्वसाधारणपणे याच क्रमाने येतात, आणि प्रत्येक वेळी पुस्तकाकडून हवे असलेले काही वेगळे असते.

पकडण्यापासून बोट दाखवण्यापर्यंत

नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. म्हणजे मांडीवर घेणाऱ्याचा चेहरा, किंवा तितक्याच अंतरावर धरलेले पान. फिकट रंग त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून या काळासाठीची पुस्तके ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्यांची असतात. मजकूर काय आहे याला पहिल्या काही महिन्यांत महत्त्व नाही. बाळ ऐकते ते आवाजातले चढउतार आणि लय. ‘अडगुलं मडगुलं’ म्हणणाऱ्या आजीकडे पुस्तक नसले तरी ती हेच काम करत असते, आणि खरे तर बऱ्याच छापील पुस्तकांपेक्षा चांगले करते.

चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास हाती येईल ते तोंडात जाऊ लागते. पुस्तक चघळणे हा अपमान नव्हे, ओळख करून घेण्याची ती त्या वयाची रीत आहे. मात्र बांधणी पाहावी. मराठीतली बरीच स्वस्त चित्रपुस्तके पातळ कागदाची, मध्ये दोन पिना मारलेली असतात. ती मोठ्या भावंडासाठी उत्तम, पण चघळणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नयेत. ओला कागद फाटतो आणि पीन सुटते. जाड पुठ्ठ्याचे, गोल कोपऱ्यांचे किंवा कापडी पुस्तक बरे. अशी पुस्तके मराठीत कमी मिळतात. जी मिळतात त्यांतली पुष्कळशी फळे-भाज्या-प्राण्यांची नुसती यादी असते. इंग्रजी मजकुराचे पुठ्ठ्याचे पुस्तक घेऊन चित्रांवर मराठीत बोलले तरी काही बिघडत नाही. या पुस्तकांत वाक्ये इतकी थोडी असतात की ती सोडून दिल्याने नुकसान होत नाही.

नऊ महिन्यांचे बाळ पानावरच्या चेंडूवर पंजा मारते, तो कागदातून उचलू पाहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे पद्धतशीरपणे दाखवले. १९ महिन्यांची मुले मात्र उचलायला जात नाहीत, बोट दाखवतात. या दहा महिन्यांत मुलाला कळते की चित्र हे वस्तूबद्दल काही सांगते, ते स्वतः वस्तू नव्हे. याच गटाच्या पुढच्या कामातून (२००८) असे दिसले की दीड वर्षाच्या आसपासची मुले वस्तूचे नाव व्यंगचित्रापेक्षा हुबेहूब चित्रावरून शिकली, तर ते खऱ्या वस्तूला अधिक सहज लावतात. त्यामुळे या टप्प्यावर टोपी घातलेल्या निळ्या हत्तीपेक्षा घरातली वाटी, चप्पल, कुत्रा नीट दाखवणारे पुस्तक घ्यावे. झाकण उचला, पट्टी ओढा अशा करामतींची पुस्तके मुलांना फार आवडतात, पण त्यांतून शब्द कमी शिकले जातात असे आढळले आहे. लक्ष झाकणावर जाते. अशी पुस्तके खेळणी म्हणून घ्यावीत.

एका पानावरचे बोलणे

दीड ते तीन वर्षे हा प्रकटवाचनाचा सर्वांत फलदायी आणि सर्वाधिक चुकणारा काळ. चूक अशी होते की मोठे माणूस मजकूर सलग वाचत सुटते आणि मूल मध्येच पान उलटते, मग ‘याला पुस्तकात रस नाही’ असा निष्कर्ष निघतो. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक साधा प्रयोग केला. दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना त्यांनी वाचनाची पद्धत बदलायला शिकवले: कमी वाचा, जास्त विचारा, मुलाने जे म्हटले त्यात भर घाला. महिनाभरात ती मुले बोलण्यात पुढे गेलेली दिसली. या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात.

ते कसे चालते, हे एका पानावर पाहू. चित्रात मांजर स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यात डोकावते आहे. खाली वाक्य आहे: ‘मनी हळूच ओट्यावर चढली.’ आजी दोन वर्षांच्या नातीला विचारते, “कोण आहे गं हे?” नात म्हणते, “माऊ.” आजी म्हणते, “हो, माऊच. ओट्यावर चढलीये माऊ.” मग थांबते. नात म्हणते, “माऊ चढली.” एक शब्द होता, त्याचे दोन झाले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, नाव तिला येते. आता आजी विचारते, “पातेल्यात काय असेल?” आठवड्याने वाक्य अर्धे सोडते: “मनी हळूच...” आणि नात “...ओट्यावर!” म्हणून ओरडते. आणखी काही महिन्यांनी प्रश्न पानाबाहेर जातो: “आपलं दूध कुणी सांडलं होतं?”

पातेल्याचा प्रश्न आणि ‘हा कोणता रंग?’ हा प्रश्न यांत मोठा फरक आहे. पहिल्याचे उत्तर आजीला जाणून घ्यायचे आहे, दुसऱ्यात परीक्षा आहे. परीक्षा सुरू झाली की मूल मान फिरवते, मांडीवरून उतरते किंवा पुस्तक मिटते. ही खूण चटकन ओळखावी. प्रत्येक पानावर प्रश्न विचारलाच पाहिजे असेही नाही. एका बैठकीत दोन-तीन पुरतात.

यावरून या वयाचे पुस्तक कसे असावे तेही कळते. एका पानावर एक-दोन वाक्ये, आणि मजकुरात न सांगितलेले काहीतरी चित्रात घडत असलेले. चित्रात फक्त वाक्यच पुन्हा काढले असेल तर बोलायला काही उरत नाही. दुसरे म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ. चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊ दार ठोठावतो आणि चिऊ दर वेळी ‘थांब, माझ्या बाळाला...’ म्हणत नवे कारण देते; ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ दर वळणावर परत येते. पुढची ओळ मुलाला आधीच ठाऊक असते, म्हणून ते वाचणाऱ्याच्या बरोबरीने बोलू शकते.

तेच पुस्तक रोज मागणे याचा मोठ्यांना कंटाळा येतो. ससेक्स विद्यापीठातल्या २०११ च्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना काही नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द जास्त लक्षात राहिले ते एकाच गोष्टीतले. तेव्हा ‘आज दुसरं घेऊ या’ हा आग्रह मोठ्यांच्याच सोयीचा असतो.

मजकूर पुस्तकी मराठीत असला (‘तिने पाहिले’, ‘ते म्हणाले’) तर वाचताना तो बोलीत आणावा का, यावर मतभेद आहेत. तीन वर्षांपर्यंत खुशाल आणावा; घरात मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर त्या बोलीतही सांगावे. चार-पाच वर्षांपासून मात्र छापले तसेच वाचणे इष्ट, कारण मूल लवकरच ती अक्षरे स्वतः वाचणार असते.

अक्षरांकडे

आपण वाचत असताना मूल अक्षरे पाहत असेल, हा समज खरा नाही. मेरी ॲन इव्हान्स आणि झां सँ-ओबँ यांनी कॅनडात डोळ्यांच्या हालचाली नोंदवून २००५ मध्ये दाखवले की शाळापूर्व वयाची मुले जवळजवळ सारा वेळ चित्रे पाहतात. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला ऐकवताना अधूनमधून ओळीखालून बोट फिरवावे, मुलाच्या नावातले अक्षर दिसले तर दाखवावे. दर ओळीला नको, गोष्ट मरते.

मूल स्वतः वाचू लागले की मराठीचे स्वतःचे प्रश्न येतात. वेलांटी ‘कि’मध्ये आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘सूर्य’मधला रफार ज्या अक्षरावर बसतो, त्याच्या आधी बोलायचा असतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहायला एक, बोलायला दोन. लिपी यातले शेवटचे सांगतच नाही. मूल ‘चाक’ बरोबर वाचते ते हा शब्द त्याने आधी ऐकलेला असतो म्हणून. जो शब्द कधी कानावर पडलेला नाही, तो मूल अक्षर अक्षर जुळवून वाचते, पण शब्द हाती येत नाही.

म्हणूनच नव्या वाचकासाठी दोन वेगळी पुस्तके लागतात. एक त्याने वाचायचे आणि एक त्याला ऐकवायचे. पहिलीतले मूल कानाने जी गोष्ट समजू शकते, ती डोळ्यांनी वाचायला त्याला आणखी दोन-तीन वर्षे लागतात. सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वाचनाच्या पातळीचेच ऐकवले तर ‘बदक आले, बदक गेले’ एवढ्यावर गोष्ट थांबते, आणि ते मूल पुस्तके बाळबोध असतात असे ठरवून मोकळे होते.

वाचायच्या पुस्तकासाठी प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या चार पातळ्या हाताशी आहेत. ‘स्टोरीवीव्हर’ या त्यांच्या खुल्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही याच पातळ्यांत लावलेली आहेत: पहिलीत सुमारे २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून जास्त. पण या पातळ्या मुख्यतः लांबी आणि कथेची गुंतागुंत पाहतात. मराठीत पाने चाळून जोडाक्षरे किती आहेत तेही पाहावे. पहिल्या पातळीच्या अनुवादातही ‘आश्चर्य’ सापडू शकते. एका पानावर मूल पाच शब्दांना अडखळले तर पुस्तक अवघड समजावे, ही रूढ मर्यादा पानावर वीसच शब्द असतील तर फार सैल होते. तिथे मूल दोनदा अडले की पुस्तक ऐकण्याच्या ढिगात टाकावे. उलटही तपासावे: मूल भराभर वाचत असेल तर चित्रावर हात ठेवून तेच वाक्य वाचायला सांगावे. अडले, तर ते पाठ म्हणत होते किंवा चित्रावरून ओळखत होते. यात वाईट काही नाही, फक्त पुढचे पुस्तक त्याच पातळीचे घ्यावे.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांत हे अंतर उलटेही पडते. आठ वर्षांचे मूल इंग्रजीत जाड पुस्तके वाचत असते, पण मराठी ऐकण्याची सवय चार वर्षांच्या मुलाइतकी असते. त्याच्या हाती शिशुवर्गाचे पुस्तक दिले की ते रुसते. त्याला आठ वर्षांच्या मुलाच्या विषयाचे, पण कमी मजकुराचे आणि भरपूर चित्रांचे पुस्तक ऐकवावे. अवकाश, कीटक किंवा किल्ले यांवरची माहितीपर पुस्तके येथे गोष्टींपेक्षा चांगली चालतात.