आकडा बदलला आणि दुसऱ्याचं इनव्हॉइस उघडलं

ऑनलाइन खरेदी केल्यावर तुम्ही तुमचं इनव्हॉइस उघडता. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता दिसतो, त्याच्या शेवटी `/invoices/10482` असं काहीतरी असतं. आता त्यातला शेवटचा आकडा बदलून `10481` केला आणि एंटर दाबलं, तर काय व्हावं? ते इनव्हॉइस तुमचं नाही, तेव्हा सर्व्हरने नकार द्यायला हवा. पण असंख्य प्रणालींमध्ये ते निमूटपणे उघडतं. कुणा अनोळखी माणसाचं नाव, घरचा पत्ता, त्याने काय घेतलं आणि किती पैसे दिले, सगळं समोर येतं. पासवर्ड फोडावा लागत नाही, की कुठला व्हायरस सोडावा लागत नाही.

हे कसं घडतं ते समजायला एका विनंतीचा प्रवास पाहू. ब्राउझर सर्व्हरकडे दोन गोष्टी पाठवतो: हवा असलेला पत्ता आणि लॉग-इन करताना मिळालेली कुकी. कुकीवरून सर्व्हर ओळखतो की हा ७७ क्रमांकाचा ग्राहक आहे. इथपर्यंत सगळं बरोबर. मग तो पत्त्यातून इनव्हॉइसचा क्रमांक उचलतो आणि डेटाबेसला विचारतो:

```sql
SELECT * FROM invoices WHERE id = 10481;
```

या ओळीत ७७ कुठेच नाही. मागणारा कोण, हे सर्व्हरला ठाऊक आहे. इनव्हॉइस कुणाचं, हे डेटाबेसमधल्या त्या इनव्हॉइसच्या नोंदीत लिहिलेलं आहे. पण या दोन गोष्टी एकमेकींशी कुणी ताडूनच पाहिल्या नाहीत. ओळख पटवणं हे एक काम आणि ही वस्तू पाहण्याचा अधिकार आहे का हे तपासणं हे दुसरं. पहिलं लॉग-इनच्या वेळी एकदाच होतं. दुसरं मात्र प्रत्येक विनंतीला, प्रत्येक वस्तूसाठी नव्याने करावं लागतं.

चांगले प्रोग्रामरही इथे चुकतात, याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘माझी इनव्हॉइस’ या यादीच्या पानावर चाळणी बहुधा नीट लावलेली असते, तिथे फक्त स्वतःचीच इनव्हॉइस दिसतात. त्यामुळे जे दाखवलं नाही ते कुणी मागणारच नाही, असा समज नकळत तयार होतो. त्यातून चाचणीही एकाच खात्याने होते. स्वतःचं इनव्हॉइस स्वतःला दिसलं, की काम झालं असं वाटतं. आणि आकडा बदललेली विनंती दिसायला अगदी साध्या विनंतीसारखीच असते. तिच्यात संशयास्पद असं एक अक्षरही नसल्यामुळे बाहेर बसवलेली सुरक्षेची चाळणी तिला सहसा अडवू शकत नाही.

यातून होणारं नुकसान मात्र लहान नसतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या क्रेडिट कार्डांच्या वेबसाइटवर हल्लेखोर ग्राहक म्हणून आत शिरले आणि पत्त्यातला खाते क्रमांक बदलत एका खात्यातून दुसऱ्यात गेले. सुमारे ३ लाख ६० हजार खात्यांची माहिती त्यांच्या हाती लागली. २०१९ मध्ये मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या तिथल्याच फर्स्ट अमेरिकन या कंपनीचे दस्तऐवज असेच उघडे असल्याचं बाहेर आलं. तिथे तर लॉग-इनचीही गरज नव्हती, दुव्यातला आकडा बदलणं पुरे होतं. पार २००३ पासूनच्या सुमारे ८८.५ कोटी नोंदी अशा रीतीने उघड्या पडल्या होत्या. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१ च्या यादीत अधिकार-तपासणीतल्या चुकांना पहिल्या क्रमांकाचा धोका ठरवलं, ते उगाच नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे:

```sql
SELECT * FROM invoices
WHERE id = 10481 AND customer_id = 77;
```

आता इनव्हॉइस दुसऱ्याचं असेल तर डेटाबेस काहीच परत देत नाही. मात्र हा ७७ कुठून आला, यावर सगळं अवलंबून आहे. तो सर्व्हरने स्वतः सेशनमधून, म्हणजे कुकीवरून ओळखलेल्या लॉग-इनच्या नोंदीतून, काढायला हवा. काही ठिकाणी तो पत्त्यातूनच घेतलेला मी पाहिला आहे, `?customer=77` असा. मग ग्राहक एकाऐवजी दोन आकडे बदलतो आणि तपासणी निरर्थक ठरते. नकार देताना उत्तर `404`, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं द्यावं हे मला पटतं. `403`, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं सांगितलं तर त्या क्रमांकाचं इनव्हॉइस अस्तित्वात आहे, एवढं तरी मागणाऱ्याला कळतंच.

काही जण क्रमांकच काढून टाकतात आणि त्याजागी लांबलचक यादृच्छिक ओळखचिन्ह ठेवतात. यूयूआयडी या अशा नेहमीच्या ओळखचिन्हाच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे अंदाज बांधणं व्यवहारात अशक्य होतं. अडचण अशी की हे चिन्ह गुप्त राहत नाही. ईमेल पुढे पाठवला जातो, ब्राउझरच्या इतिहासात पत्ता उरतो, सर्व्हरच्या नोंदींत तो लिहिला जातो. ज्याच्या हाती तो पडेल त्याला इनव्हॉइस उघडता येईल. लांब चिन्ह जरूर वापरावं, पण मालकीची तपासणी तरीही हवीच.

खरी गुंतागुंत ‘मालक कोण’ या प्रश्नात आहे. इनव्हॉइस एखाद्या कंपनीच्या नावावर असेल, तर ते तिच्या पाच कर्मचाऱ्यांना दिसायला हवं, बाहेरच्या हिशेबनिसालाही कदाचित. मग `customer_id` एका व्यक्तीशी जुळवून भागत नाही, ही व्यक्ती आत्ता त्या कंपनीची सदस्य आहे का, हे विचारावं लागतं. ‘आत्ता’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गेल्या महिन्यात नोकरी सोडलेल्या माणसाचं सेशन अजून चालू असेल आणि सदस्यत्व फक्त लॉग-इनच्या वेळी तपासलं असेल, तर त्याला जुन्या कंपनीची इनव्हॉइस दिसतच राहतात.

आणि दारं अनेक असतात. इनव्हॉइसचं पान दुरुस्त होतं, पण ‘पीडीएफ उतरवा’ या बटणामागे वेगळा कोड असतो. कधी ती फाइल साठवणुकीतून थेट `invoice-10481.pdf` या नावाने मिळते आणि वरची क्वेरी चालतच नाही. इनव्हॉइस ईमेल करणं, बदलणं, रद्द करणं, मोबाइल अॅपसाठीचा वेगळा मार्ग, या प्रत्येक ठिकाणी तीच तपासणी लागते. म्हणून ती एकाच फंक्शनमध्ये लिहून सगळ्यांनी तिथूनच जाणं शहाणपणाचं.

चाचणी सोपी आहे. आपल्याच प्रणालीवर दोन खाती उघडायची, पहिल्याचं इनव्हॉइस तयार करायचं, दुसऱ्याच्या सेशनने ते मागायचं आणि `404` आलं नाही तर चाचणी नापास करायची. प्रत्येक दारासाठी अशी चाचणी लिहून ठेवली, की पुढच्या बदलात ती ओळ गळून पडली तरी लगेच कळतं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर मात्र आकडे बदलून पाहू नयेत. नकळत असं काही दिसलं तर तिथेच थांबून त्यांना कळवावं.

दुरुस्तीनंतर एक प्रश्न उरतो: आधी कुणी काय पाहिलं? एकाच सेशनमधून ओळीने शेकडो क्रमांक मागितले गेले असतील तर ते नोंदींत चटकन दिसतं. एखाद-दुसरं इनव्हॉइस चोरून पाहणारा असा सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक यशस्वी विनंतीतला ग्राहक आणि त्या इनव्हॉइसचा मालक शेजारी मांडायचे आणि न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या काढायच्या. नोंदींत ग्राहकाचा क्रमांक लिहिलेला असेल, तर कुणाची माहिती कुणी पाहिली याची नेमकी यादी मिळते. फक्त आयपी पत्ता लिहिला असेल तर ती मिळत नाही, आणि कंपनीला सगळ्याच ग्राहकांची माहिती उघडी पडली असं धरून त्या सर्वांना कळवावं लागतं.