लेट एन्ट्री आणि करेक्शन: बटण एकच दिसतंय म्हणून काम एक होत नाही

नर्सिंग इन्फॉर्मेटिक्सच्या पोरींच्या प्रॅक्टिकल वह्या तपासताना दरवर्षी तेच वाक्य येतं, "राहिलेली माहिती एडिट करून भरली." आणि वॉर्डात गेलं की तेच ऐकू येतं, "अक्का, ते रात्रीचं एडिट करून टाकू का?" काय राहिलंय, काय चुकलंय, कुणीच सांगत नाही, सगळ्याला एडिट हा एकच शब्द. आता हे एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते.

कागदावरचं तुम्हाला माहितीच आहे. चूक झाली की एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर माहिती, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान फाडणं तर नाहीच. हे बेळगावात शिका नाहीतर कोल्हापुरात, सगळीकडे सारखं, त्यामुळं त्यावर वेळ घालवत नाही. कॉम्प्युटरवरच्या पेशंट रेकॉर्डला ईएमआर म्हणायचं की ईएचआर हा वादही मला नको, एक हॉस्पिटलच्या आतलं, दुसरं हॉस्पिटलांच्या मध्ये फिरणारं, एवढ्यानं परीक्षेचं भागतं.

घोळ होतो तो इथं. करेक्शन म्हणजे लिहिलेलं चुकीचं होतं. लेट एन्ट्री म्हणजे घडलेलं खरं होतं पण वेळेवर लिहिलं नव्हतं. करेक्शनमध्ये जुन्या नोंदीला हात लागतो, ती चुकीची आहे असा शिक्का बसतो आणि जुनी आवृत्ती मागे जपून राहते. लेट एन्ट्रीत जुन्या नोंदीला बोटसुद्धा लावायचं नसतं, तिच्या पुढं नवी नोंद येते, आणि तिच्यावर दोन वेळा असतात, एक घटना घडली ती आणि एक तुम्ही टाइप केलं ती. ही दुसरी वेळ तुमची नाहीच, ती सर्व्हर घालतो. तुमच्या हातात फक्त पहिली आहे, म्हणून खोटेपणा करायचा मोह होतो तोही त्या पहिलीतच.

एक केस घेऊन बघू की. सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. चंदगडकडून आलेली एक बाई आणि खानापूर तालुक्यातली एक बाई, दोघी पाटील, दोघींची ऑपरेशनं आदल्या दिवशीची. आपल्याकडं हे रोजचंच, त्यात एकीचं नाव कन्नड कार्डावरून इंग्रजीत उतरवलेलं, दुसरीचं मराठी कार्डावरून, स्पेलिंगवरून ओळखायला जाल तर फसाल. रात्री दहाला पंख्याखाली झोपायचं म्हणून दोघींनी बेड बदलले, चंदगडची बारा नंबरवर, खानापूरची चौदावर. सिस्टीममध्ये बेड कुणी बदललेच नाहीत. अडीच वाजता सिस्टरनं चंदगडच्या बाईला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम शिरेतून दिलं, मनगटावरचा पट्टा बघून, ऑर्डर बघून, अगदी बरोबर बाईला. पण नोंद करताना स्क्रीनवर "बेड 12" उघडला, आणि स्क्रीनवरच्या बारा नंबरवर अजून खानापूरची बाई होती. डोस गेला एकीला, टिक लागली दुसरीला.

पाच चाळीसला लक्षात आलं. आता एडिट म्हणणाऱ्या काय करतात? खानापूरच्या बाईच्या चार्टवरची टिक काढतात, चंदगडच्या बाईच्या चार्टवर आत्ताची वेळ टाकून टिक लावतात, आणि झालं म्हणतात. पण पॅरासिटामॉल सहा तासांनी चालू आहे. चंदगडच्या बाईच्या चार्टवर पाच चाळीस पडलं तर पुढचा डोस साडेआठऐवजी अकरा चाळीसला जाणार, तीन तास ती बाई विनाकारण दुखणं सोसणार. आणि नोंद केलीच नाही तर दुसरी एखादी सिस्टर डोस राहिलाय समजून सहाला परत देणार, म्हणजे साडेतीन तासांत दुसरा 1 ग्रॅम, जेव्हा दोन डोसमध्ये कमीत कमी चार तास हवेत आणि चोवीस तासांत मोठ्या माणसाला 4 ग्रॅमच्या वर जायचं नसतं. खानापूरच्या बाईचं वेगळंच, तिला अडीचला मिळालंय असं चार्ट सांगत होता, म्हणून तिचा खरा डोस कुणी दिलाच नसणार.

तर बरोबर रीत अशी. एकाच चुकीत इथं दोन्ही कामं आहेत, आणि म्हणूनच ही केस मला आवडते. खानापूरच्या बाईच्या चार्टवर करेक्शन, ती नोंद चुकून झाली असं मार्क करायचं, डिलीट नाही. चंदगडच्या बाईच्या चार्टवर लेट एन्ट्री, घटनेची वेळ 02:30, आणि टाइप केल्याची वेळ सर्व्हर घालेल ती. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये एफएचआयआर हे आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीचं जे मानक वापरतात त्यात हे असं दिसतं, बाकीची फील्डं गाळलीत:

```json
{ "resourceType": "MedicationAdministration",
  "status": "entered-in-error" }
```

```json
{ "resourceType": "MedicationAdministration",
  "meta": { "lastUpdated": "2025-07-14T05:40:00+05:30" },
  "status": "completed",
  "effectiveDateTime": "2025-07-14T02:30:00+05:30" }
```

पहिल्यात `status` बदलला, नोंद गेली नाही, रोजच्या यादीत दिसायची बंद झाली एवढंच. दुसऱ्यात `effectiveDateTime` आणि `lastUpdated` यांच्यात तीन तास दहा मिनिटांचं अंतर उघडं दिसतंय, आणि ते दिसलंच पाहिजे. पोरी या अंतराला घाबरतात. घाबरायचं कारण नाही, उशीर झाला हे चार्टनं कबूल करणं म्हणजेच लेट एन्ट्री. सोबत एक ओळ, "रात्री 02:30 ला दिलेला डोस, नोंद 05:40 ला केली, कारण आधीची नोंद चुकीच्या चार्टवर झाली होती." बस. लांबलचक सफाई द्यायची नाही.

लिखित नोट्सचंही तसंच. एफएचआयआरमध्ये एक नोट दुसरीशी कशी जोडलीय ते `relatesTo` मध्ये सांगतात, तिथं `appends` वेगळा आणि `replaces` वेगळा. पहिला म्हणजे पुढं जोडलं, दुसरा म्हणजे जुनीच्या जागी नवी. समजा सव्वा एकला पेशंटला उलटी झाली आणि एकच्या नोटमध्ये ते नाही, कारण तेव्हा झालीच नव्हती, तर ते `appends`. एकची नोट उघडून आत उलटी घुसडली की तुम्ही असं म्हणताय की एक वाजता लिहिताना मला सव्वा एकचं माहिती होतं. ऑडिट लॉग बघणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळतं. तो नोटच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवतो, कुठला शब्द कधी आला ते बघतो, आणि तुमची खरी उलटीची नोंदसुद्धा मग संशयात जाते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 12 मध्येही माहिती दुरुस्त करणं, पूर्ण करणं, अद्ययावत करणं आणि पुसणं हे शब्द वेगवेगळे आलेत. कायदा लिहिणाऱ्यांना फरक दिसला, आपल्या वह्यांत मात्र सगळं एडिट. पुसण्याबद्दल एवढंच सांगते, पेशंटनं मागणी केली तरी जी नोंद ठेवणं दुसऱ्या कायद्यानं बंधनकारक आहे ती पुसता येत नाही, आणि हा निर्णय वॉर्डातल्या सिस्टरचा नाहीच, अर्ज रेकॉर्ड विभागाकडं पाठवायचा.

आता प्रायव्हसी, जी पोरी वेगळ्या धड्यात टाकतात आणि मला ते पटत नाही, कारण खरी गळती करेक्शन करतानाच होते. करेक्शनचं कारण लिहायला एक रकाना येतो. तिथं मी स्वतः वाचलंय, "हा डोस बेड 14 च्या अमुक पाटीलचा आहे." म्हणजे खानापूरच्या बाईच्या फाइलमध्ये चंदगडच्या बाईचं नाव आणि औषध कायमचं बसलं. उद्या खानापूरच्या बाईच्या मुलानं रेकॉर्डची प्रत मागितली की ते त्याच्या हातात. करेक्शन होतं म्हणून ते पुसलंही जाणार नाही. तिथं फक्त एवढंच लिहायचं, "दुसऱ्या पेशंटची नोंद चुकून या चार्टवर झाली, औषध या पेशंटला दिलेलं नाही." दुसरं वाक्य सोडायचं नाही, डॉक्टरला त्याचीच गरज असते. कुणाची नोंद, कुठला बेड, हे सगळं इन्सिडंट रिपोर्टमध्ये जातं, आणि रिपोर्ट भरलाय असंही चार्टमध्ये लिहायचं नाही.

दुसरी गळती, खात्री करायला म्हणून स्क्रीनचा फोटो काढून वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. मला याचा मनापासून राग येतो. चार्टमधून चुकीची नोंद बाजूला झाली तरी तो फोटो वीस मोबाईलांत राहतो, तिथं `entered-in-error` चा शिक्का पोचत नाही. फोन करा, पट्ट्यावरचा यूएचआयडी, म्हणजे पेशंटचा हॉस्पिटल नंबर, वाचून दाखवा.

आणि लॉगिन. करेक्शन ज्यानं चूक केली त्यानंच आपल्या लॉगिननं करायचं. ती सिस्टर घरी गेली असेल तर तुम्ही तिची नोंद बदलू नका, तुमच्या नावानं नवी नोट घाला, "मी 08:10 ला पाहिलं तेव्हा अशी विसंगती दिसली," आणि इन्चार्जला सांगा. वॉर्डात एकच लॉगिन सकाळपासून उघडं ठेवून सगळ्यांनी टाइप करायची सवय असेल तर वरचं सगळं वाया, कारण वेळ खरी राहते आणि माणूस खोटा होतो.

लाइट किंवा नेटवर्क गेल्यावर कागदावर लिहून नंतर चढवतो ते काय, असं विचारतात. ती लेट एन्ट्री. घटनेची वेळ कागदावरची, कारणात "सिस्टीम बंद" लिहायचं, आणि तो कागद फेकायचा नाही, स्कॅन करून जोडायचा.

आपल्या केसमध्ये अजून एक काम उरतं, जे स्क्रीनवर होत नाही. पाच चाळीसला दोन्ही चार्ट नीट केले तरी त्याआधी कुणी औषधांची शीट छापून घेतली असेल तर त्या कागदावर जुनीच टिक आहे. म्हणून आधी सिस्टीममध्ये दोन्ही बेड बदलून घ्यायचे, जुनी शीट काढून नवी लावायची, खानापूरच्या बाईच्या राहिलेल्या डोसबद्दल ड्यूटी डॉक्टरला फोन करायचा, आणि आठच्या हॅन्डओव्हरला तोंडी सांगायचं: चंदगडच्या पाटीलबाईंचा पुढचा पॅरासिटामॉल साडेआठला.