दोष मीटरचा की स्ट्रिपचा?

ग्लुकोमीटरवर अचानक भलताच आकडा आला की आधी मीटरवर संशय जातो. बहुतेक वेळा दोषी दुसराच असतो. तो शोधायचं साधन म्हणजे कंट्रोल सोल्यूशन: ठरावीक प्रमाणात साखर असलेलं रंगीत द्रावण. रक्ताऐवजी त्याचा थेंब स्ट्रिपला द्यायचा आणि आलेला आकडा छापील मर्यादेत बसतो का ते बघायचं. ही मर्यादा बहुधा स्ट्रिपच्या डबीवर छापलेली असते आणि डबीगणिक बदलू शकते. रक्तातली साखर किती असावी याच्याशी तिचा काही संबंध नाही.

द्रावण त्याच मीटरच्या कंपनीचं हवं. उघडल्यावर ते साधारण तीन महिनेच चालतं, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. बाटली, स्ट्रिप आणि मीटर तिन्ही खोलीच्या तापमानाला आल्यावर बाटली हलवा. पहिला थेंब टाकून द्या, टोक पुसा आणि दुसरा थेंब स्वच्छ प्लास्टिकवर घेऊन त्याला स्ट्रिपचं टोक लावा. मीटरमध्ये कंट्रोलची सोय असेल तर ती निवडा, नाहीतर हा आकडा तुमच्या सरासरीत मिसळतो.

समजा डबीवर ९६ ते १४४ लिहिलंय आणि मीटर १७१ दाखवतो. नवी स्ट्रिप घेऊन पुन्हा केलं, तर १६८. म्हणजे हात चुकला नव्हता. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. न उघडलेली नवी डबी फोडली, तिच्यावर ९४ ते १४१ छापलंय आणि आकडा आला ११६. मीटर निर्दोष! जुन्या डबीचं झाकण उघडं राहून स्ट्रिपवरचं रसायन दमटलं असणार. ती डबी फेकायची, आणि तिच्यावर घेतलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. नव्या डबीवरही आकडा बाहेरच गेला असता, तर द्रावणाची नवी बाटली आणायची. तीही नापास झाली, की मगच मीटर बदलायचा.

या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. द्रावणात रक्तपेशी नसतात. त्यामुळे रक्तक्षयात येणारी चूक इथे पकडता येत नाही. त्यासाठी उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त देतानाच बोटातून तपासून दोन आकडे ताडून बघावे लागतात. आयएसओच्या २०१३च्या मानकानुसार १०० किंवा त्यावरच्या साखरेला १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यामुळे लॅबमध्ये १६० आणि मीटरवर १७५ आले तर मीटर बदलायचं कारण नाही.

काही बिघाड मात्र कुठलंच द्रावण दाखवत नाही. मीटर सुरू होताना बऱ्याचदा पडद्यावर सगळे ८ उमटतात, ते नीट बघा. एखाद्या ८ ची मधली रेघ उडाली असेल तर तिथे ० दिसतो आणि १८२ चे १०२ वाचले जातात. असा मीटर, मोजमाप कितीही अचूक असलं तरी, त्याच दिवशी बदलावा. आणि एखाद्या मीटरच्या स्ट्रिप मिळणंच बंद झालं, तर मग तपासण्यासारखं काही उरत नाही.