फुगा मराठीचा, माप इंग्रजीचं

बेळगावातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोन पानांची चित्रकथा करायची होती. मराठीत एक, आणि त्याच चित्रांवर कन्नडमध्ये दुसरी. आमच्या चित्रकारानं फुगे आधीच काढून ठेवले होते, छान गोल, जाड काठाचे. त्यात संवाद भरायला बसलो आणि प्रत्येक फुग्यातली शेवटची ओळ काठाखाली लोंबायला लागली. अक्षर लहान केलं तर वाचता येईना. चूक त्याची नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढचा फुगा इंग्रजीच्या मापाचा होता, आणि ते माप आपल्याकडे फार आधीपासून आलेलं आहे.

आपल्या भागात चित्र आणि शब्द पूर्वी एकाच कागदावर नव्हतेच. आंबोली घाट उतरून कुडाळकडे गेलं की पिंगुळी लागते. तिथले चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा गात. शब्द गाणाऱ्याच्या तोंडात, कागदावर फक्त चित्र. नंतर घराघरांत आलेल्या मासिकांनी शब्द कागदावर आणले, पण चित्राच्या शेजारी किंवा खाली. आमच्या गल्लीत एका घरात मराठी ‘चांदोबा’ यायचा, तर समोरच्या घरात कन्नड ‘चंदमामा’. चित्रं सारखीच असायची, त्यामुळे ती बघायला कुठलंही घर चालायचं. फुगा मात्र कुणाकडेच नव्हता.

फुगा खऱ्या अर्थानं घरात शिरला तो इंद्रजाल कॉमिक्सबरोबर. मार्च १९६४ मध्ये ती मालिका सुरू झाली आणि ‘फँटम’ मराठीत वेताळ या नावानं आला. मूळची वेताळकथा अमेरिकेत १९३६ पासून वर्तमानपत्रांत रोजच्या आडव्या पट्टीत छापली जात होती. पट्टीत तीनचार चौकटी, डावीकडून उजवीकडे सरळ ओळीत. उभ्या पानावर आणताना त्या पट्ट्या एकाखाली एक रचाव्या लागल्या, चौकटी कापाव्या लागल्या. वाचनाची दिशा इंग्रजी-मराठीची एकच, म्हणून चित्रं आरशात उलटवायची पाळी आली नाही. उर्दूसारखी आपली लिपी उजवीकडून चालत असती तर तेही करावं लागलं असतं. दिशा जुळली, म्हणून सगळंच जुळलं असं वाटून गेलं. उंची जुळत नव्हती, तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

इंग्रजी कॉमिकमधली अक्षरं बहुतेक सगळी मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल. सगळी एका उंचीची, वर-खाली काही लटकत नाही. म्हणून ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराखाली उकार, ऋकार, शिवाय खाली उतरणारी जोडाक्षरं. वरच्या ओळीत ‘विठ्ठू’ आणि बरोबर त्याच्याखाली ‘कीर्ती’ आली की वरचा उकार खालच्या रफारात अडकतो. ओळीतलं अंतर पुरेसं आहे का ते बघायला मी हीच जोडी एकाखाली एक टाईप करून पाहतो. दोन्ही शब्दांमध्ये कागद दिसला पाहिजे.

आकड्यांत सांगतो. आमचं पान ए-फाईव्ह, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारी बाजूंनी १० मिलिमीटर सोडून तीन आडव्या रांगा केल्या, तेव्हा प्रत्येक रांग साधारण ६० मिलिमीटर उंच झाली. ९ पॉइंटच्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ओळीमागे १० पॉइंट जागा पुरते. तेवढ्याच मराठी अक्षरांना मी १४ ठेवतो. पाच ओळींचा इंग्रजी फुगा आतली मोकळी जागा धरून २४ मिलिमीटरचा, मराठीचा ३१. म्हणजे निम्मी चौकट फुग्यानंच खाल्ली आणि माणसांची डोकी कापली गेली. त्यावर उपाय अक्षर बारीक करणं नव्हे, संवाद तीन ओळींवर आणणं. आणि फुगा आधी आखून मग चित्र काढणं, जे कुठल्याच चित्रकाराला आवडत नाही.

रुंदीचंही तसंच. इंग्रजीत ओरडणारा शब्द अक्षरं लांब-लांब करून दाखवतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून आम्ही तो शब्द जाड किंवा मोठा करतो. ‘बेळगावातल्यांनासुद्धा’ असा शब्द आला तर फुग्याची रुंदी तोच ठरवतो, कारण फुग्यात शब्द मधेच तोडलेला वाईट दिसतो.

आता वाचनक्रम. आमच्या कथेत खानापूरची बस होती. आज्जी विचारते, “ही खानापूरला जाते काय हो?” कंडक्टर म्हणतो, “जाते की, चढा.” चित्रात कंडक्टर दारात, डावीकडे; आज्जी खाली, उजवीकडे. दोघांचे फुगे आपापल्या डोक्यावर ठेवले तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. आज्जीचा फुगा वर सरकवला, पण अर्धाच. दोन्ही फुगे थोडे समोरासमोर राहिले आणि वाचणारा पुन्हा डावीकडेच गेला. कंडक्टरच्या फुग्याचा माथा आज्जीच्या फुग्याच्या तळाखाली गेला, तेव्हाच क्रम सुटला. त्यासाठी चौकट रुंद न करता उंच करावी लागली.

पुढची चौकट खरी मजेची. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. आज्जी बटवा सोडते. कंडक्टर, “आज्जी, तुमच्याकडनं पैसे घेत...” इथे चौकट संपते, आज्जीचा चेहरा पडलेला. पुढच्या चौकटीत एकच शब्द, “नाही!” मराठीचा नकार वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून हा खेळ जमतो. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे तिथल्या पानांवर अशी फोड सहसा सापडत नाही. आपल्याकडे भाषांतर करणाऱ्यांनी मूळ फुग्यांची संख्या जपली आणि ही सोय बराच काळ वापरलीच नाही, असं माझं मत.

कन्नडची प्रत करताना वाटलं, नकार तिकडेही शेवटीच, काम सोपं. पण बोलीतलं ‘तगोळ्ळल्ल’ हे ‘घेत नाही’ एकाच शब्दात सांगतं. नकार त्याच शब्दात मुरलेला, तोडणार कुठे? तिथे पहिल्या चौकटीत फक्त ‘आज्जी, दुड्डु...’ ठेवलं आणि अख्खं क्रियापद दुसऱ्या चौकटीत ढकललं. मराठीत एका शब्दासाठी काढलेला छोटा फुगा त्यासाठी अपुरा पडला. शिवाय कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, म्हणजे ओळीतलं अंतर कमी करायची सोय तिथेही नाही.

एकाच चित्रावर अनेक भाषा चढवण्याचा उद्योग कर्नाटकात जुनाच आहे. अमर चित्र कथेची सुरुवात १९६५ मध्ये बंगळूरहून कन्नडात पाश्चात्त्य परीकथा छापून झाली. ‘कृष्ण’ नंतर आला आणि त्याचा मूळ क्रमांक ११ होता, कारण पहिले दहा क्रमांक या परीकथांनी घेतले होते.

संगणकावर आल्यावर आणखी एक विघ्न येतं. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं आणि ‘विठ्ठल’मधली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी पडली, तर फॉन्ट बदलून उपयोग नसतो. अक्षर जुळवणारी सोय बंद असते. ती `World-Ready Layout` या नावानं मिळते, इनडिझाइनमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer`. आम्ही चित्र, फुगे आणि अक्षरं तीन वेगळ्या थरांवर ठेवली. कन्नड प्रतीत फुग्यांचा थरही वेगळा करावा लागला, आणि आज्जीचं डोकं दीड मिलिमीटर खाली सरकवावं लागलं.